सोळा टन पासिंग आणि पंचवीस टनांचा हिशेब

आमच्या दारात उभ्या असलेल्या गाडीला कुणी विचारलं, 'किती टनाची?' तर अण्णांपासून क्लीनरपर्यंत सगळे एकच उत्तर देतात: 'सोळा टन पासिंग.' गाडीत कायद्याने जेवढा माल भरता येतो, तेवढे ते टन. भाडं त्यावर ठरतं, काट्यावर वाद त्यावरून होतात. मी लहानपणापासून हेच ऐकत आले, म्हणून आयकराच्या विवरणपत्रातही मी तोच आकडा लिहायला निघाले होते. गेल्या वर्षीच्या जुलैत, सांगलीत आमच्या सीएंच्या टेबलासमोर बसून मला कळलं की आयकर खात्याचा टन वेगळा आहे. त्या एका शब्दामुळे माझा कर शून्यावरून बत्तीस हजारांवर गेला.

आधी आमचा धंदा सांगते. गाव तासगावजवळ. बेदाणा, हळद, द्राक्षाच्या पेट्या आणि कुपवाडच्या एमआयडीसीतला माल, एवढ्यावर आमचं चाक फिरतं. अण्णांचे गुडघे गेल्यावर त्यांनी गाड्या रीतसर माझ्या नावावर केल्या. २०२४-२५ या वर्षात माझ्याकडे दोन दहाचाकी, एक आयशर आणि एक जुनी पिकअप होती. गणपतीच्या आधी नवी पिकअप घेतली आणि दिवाळी झाल्यावर जुनी जतच्या एका गृहस्थांना विकली. म्हणजे वर्षभरात माझ्या नावावर एकूण पाच गाड्या येऊन-जाऊन होत्या. दोन गाड्यांवर फायनान्सचा बोजा आहे आणि हप्ते चालू आहेत.

अण्णांच्या काळात विवरणपत्र म्हणजे एका सल्लागाराकडे आधारकार्ड आणि गाड्यांचे नंबर देऊन यायचं काम होतं. ते म्हणायचे, 'गाडीमागं महिन्याला साडेसात हजार धरायचं, बास.' अण्णांचं म्हणणं एकेकाळी बरोबरच होतं. जुन्या आयकर कायद्याच्या कलम ४४ एईनुसार छोट्या मालवाहतूकदाराला वह्या न ठेवता गाडीमागे ठरावीक उत्पन्न दाखवता येतं. २०१४ च्या अर्थसंकल्पाने लहान-मोठ्या सगळ्या गाड्यांना महिना साडेसात हजार असा एकच दर केला होता. त्यामुळे छोट्या टेम्पोचा मालक आणि मोठ्या ट्रकचा मालक कागदावर सारखंच कमवत होते. २०१८ च्या अर्थसंकल्पाने हे बदललं. बारा हजार किलोंपेक्षा जास्त वजनाच्या गाडीला टनामागे महिना एक हजार रुपये आणि त्याखालच्या गाडीला पूर्वीसारखेच साडेसात हजार. आमच्या घरात ही बातमी पोचली होती, पण अर्धीच. टनावर हिशेब आहे हे आम्हाला माहीत होतं. कुठला टन, हे कुणी विचारलं नव्हतं.

त्या वर्षी मी ठरवलं की विवरणपत्र स्वतः भरून बघायचं आणि शेवटी फक्त तपासून घ्यायचं. पोर्टलवर सुगम, म्हणजे `ITR-4`, उघडला. त्यात गाड्यांसाठी एक तक्ता आहे. प्रत्येक गाडीची एक ओळ: नोंदणी क्रमांक, गाडी स्वतःची की भाड्याने घेतलेली, टनेज, वर्षात किती महिने होती आणि त्यावरून येणारं उत्पन्न. टनेजच्या रकान्यावर लिहिलंय `Tonnage capacity of goods carriage`. 'कपॅसिटी' म्हटल्यावर वाहतुकीतला माणूस दुसरं काय समजणार? मी दोन्ही दहाचाकींपुढे सोळा लिहिलं.

महिन्यांच्या रकान्यातही मी माझ्या समजुतीनं भरलं. एका दहाचाकीचं इंजिनचं काम निघालं होतं. जुलै-ऑगस्ट ती गॅरेजला उभी होती, एक रुपया आणला नव्हता. तिला मी दहा महिने धरले. जुनी पिकअप ४ नोव्हेंबरला दिली, म्हणून एप्रिल ते ऑक्टोबर सात महिने. नवी २८ ऑगस्टला आली, म्हणून सप्टेंबरपासून सात. आयशर पूर्ण वर्ष. बेरीज आली पाच लाख सत्तेचाळीस हजार. नव्या करप्रणालीत त्या वर्षी सात लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर लागत नव्हता. उलट कुपवाडच्या एका कंपनीने भाड्यातून कापलेला टीडीएस परत मिळेल असं स्क्रीन दाखवत होती. मी खुशीत कागद छापून सांगलीला गेले.

सीए सरांनी कागद वाचला आणि पहिला प्रश्न विचारला, "हे सोळा कुठून आणलं?"

"गाडीचं पासिंग आहे सर."

"आरसी दाखवा."

मोबाईलवर आरसीचा फोटो होताच. त्यांनी तो मोठा करून माझ्यासमोर धरला. तिथे वजनाचे दोन आकडे होते. `Unladen Weight` ८,९५० किलो आणि `Gross Vehicle Weight` २५,००० किलो. पहिलं रिकाम्या गाडीचं वजन. दुसरं गाडी आणि तिच्यात भरता येणारा माल मिळून आरटीओने मंजूर केलेलं एकूण वजन. आम्ही ज्याला पासिंग म्हणतो, तो या दोघांमधला फरक: सोळा हजार पन्नास किलो. तो आकडा आरसीवर छापलेलाच नव्हता. आम्हीच वर्षानुवर्षं वजाबाकी करून तोंडात बसवलेला.

"कलमात 'ग्रॉस व्हेईकल वेट' असं स्पष्ट लिहिलंय," सर म्हणाले. "माल किती भरता ते नाही, गाडी मालासकट किती वजनाची मंजूर आहे ते. तुमची गाडी यांच्या लेखी पंचवीस टनाची."

मला पटायला वेळ लागला. मी म्हटलं, कलमात अनलेडन वेटही लिहिलंय ना? मी रात्री वाचून गेले होते. तिथे 'ग्रॉस व्हेईकल वेट किंवा अनलेडन वेट, जे असेल त्याप्रमाणे' असे शब्द आहेत. मग रिकाम्या वजनावर, नऊ टनांवर, का नको? सरांनी शांतपणे समजावलं. 'जे असेल त्याप्रमाणे' म्हणजे 'तुम्हाला आवडेल ते' नव्हे. मालवाहू ट्रकला आरटीओने एकूण वजन नोंदवून दिलेलं असतं, तेव्हा तेच धरायचं. शिवाय गाडी जड आहे की नाही हेसुद्धा कायदा ग्रॉस वजनावरूनच ठरवतो: बारा हजार किलोंच्या वर गेली तर जड. एका मापाने जड ठरवायची आणि दुसऱ्या मापाने उत्पन्न मोजायचं, असं करून चालत नाही.

मग आयशरची आरसी काढली. तिचं ग्रॉस वजन बारा हजारांच्या आत होतं, म्हणून तिला सरळ साडेसात हजार. इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. या कलमात बारा हजार किलो ही एक पायरी आहे. त्याच्या आतल्या गाडीला टन मोजायचेच नाहीत. तीन टनांची पिकअप असो वा अकरा टनांची आयशर, दोघींना साडेसात हजारच. पायरी ओलांडली की मात्र पहिल्या टनापासून सगळे टन मोजले जातात. सोळा टन ग्रॉस वजनाची गाडी घेतली की सोळा हजार, आयशरच्या दुपटीहून जास्त.

आता महिने. सरांनी गॅरेजचे दोन महिने बघितले आणि तिथे पेन्सिलने गोल केला. "गाडी उभी होती हे मान्य," ते म्हणाले, "पण तुमची होती ना?" कलमातला शब्द गाडी 'चालली' असा नाही, 'मालकीची होती' असा आहे. चालकाविना उभी राहो, पावसात उभी राहो, अपघातानंतर विम्याच्या वाटेकडे डोळे लावून उभी राहो, महिना मोजला जातो. मला याचं वाईट वाटलं, आजही वाटतं. त्या दोन महिन्यांत इंजिनवर पावणेदोन लाख गेले होते आणि हप्ता चुकला नव्हता. पण गाडीमागे दर ठरवताना उभ्या महिन्यांचं सरासरीत आलं असं धरलेलं आहे, त्याला वेगळी वजावट नाही.

मालकीचीही एक गंमत नव्हे, अडचण मला वाटत होती. दोन गाड्यांवर बोजा आहे, आरसीवर फायनान्स कंपनीचं नाव आहे. मग ती माझी कशी? तेही कलमातच मिटवलेलं आहे. हप्त्यावर किंवा हायर परचेसने घेतलेली गाडी, पैसे फिटायचे बाकी असले तरी, तिचा मालक घेणाराच मानला जातो.

पिकअपच्या महिन्यांत मात्र माझी सरळ चूक होती. महिना किंवा महिन्याचा भाग, दोन्ही एकच. ऑगस्टच्या अठ्ठावीसला गाडी आली तर ऑगस्ट पूर्ण. नोव्हेंबरच्या चारला गेली तर नोव्हेंबर पूर्ण. म्हणजे दोन्ही पिकअपना सात नव्हे, आठ-आठ महिने. डिसेंबरपासून मार्चपर्यंत जुनी नव्हतीच आणि एप्रिल ते जुलै नवी नव्हती, पण ऑगस्ट ते नोव्हेंबर हे चार महिने दोन्ही गाड्या मोजल्या गेल्या.

जुन्या पिकअपची विक्री कधी झाली हे सरांनी बारकाईने विचारलं. मी ४ नोव्हेंबरला पैसे घेतले, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून गाडी ताब्यात दिली. नव्या मालकाच्या नावावर आरसी झाली २२ नोव्हेंबरला. दोन्ही तारखा एकाच महिन्यात असल्याने प्रश्न आला नाही. आमच्याकडे किती जण गाडी विकून वर्षभर नाव तसंच राहू देतात! तसं केलं असतं तर कागदावर डिसेंबर, जानेवारी माझ्याच नावाने दिसले असते आणि गाडी माझी नव्हती हे सिद्ध करत बसावं लागलं असतं. अपघाताची भीती तर वेगळीच.

सरांनी कोऱ्या कागदावर पुन्हा मांडणी केली. पहिली दहाचाकी: पंचवीस टन, महिना पंचवीस हजार, बारा महिन्यांचे तीन लाख. दुसरी दहाचाकी, गॅरेजवाली: तेवढेच तीन लाख. आयशर: साडेसात हजारांनी वर्षाचे नव्वद हजार. जुनी पिकअप आठ महिन्यांचे साठ हजार, नवीचेही साठ हजार. बेरीज आठ लाख दहा हजार.

माझ्या कागदावर पाच लाख सत्तेचाळीस हजार होते. फरक दोन लाख त्रेसष्ट हजारांचा, आणि त्यातला सगळ्यात मोठा हिस्सा त्या 'सोळा'चा. सात लाखांची रेष ओलांडल्यामुळे सवलत गेली. तीन ते सात लाखांवर पाच टक्क्यांनी वीस हजार, पुढच्या एक लाख दहा हजारांवर दहा टक्क्यांनी अकरा हजार, त्यावर चार टक्के उपकर. बत्तीस हजार दोनशे चाळीस रुपये कर. कंपनीने कापलेले सहा हजार चारशे वजा जाऊन पंचवीस हजार आठशे चाळीस भरायचे राहिले.

मी विचारलं, माझी खरी कमाई एवढी नाही, मग कमी दाखवता येत नाही का? मी रोजची वही ठेवते. डिझेल, टोल, टायर, ड्रायव्हरचा पगार आणि भत्ता, विमा, कर्जाचं व्याज, घसारा, सगळं धरून त्या वर्षी माझ्या हिशेबाने सहा लाख पन्नास हजार सुटत होते. गॅरेजवाल्या गाडीचे तर तीन लाखांऐवजी जेमतेम एक लाख साठ हजार.

सरांनी ही वही खरोखर पानं उलटून पाहिली, याबद्दल मला त्यांचा आदर वाटला. मग म्हणाले, "दाखवता येतं. पण मग ४४ एईच्या बाहेर यायचं. रीतसर वह्या लिहायच्या आणि त्यांचं ऑडिट करून घ्यायचं." माझ्या वहीत रस्त्यावरच्या पंक्चरपासून हमालीपर्यंत सगळं होतं, पण पावत्या निम्म्याच्याच होत्या. ड्रायव्हरला दिलेला भत्ता रोखीने, सही नाही. वर्ष संपल्यावर त्यातून ऑडिटला टिकणाऱ्या वह्या उभ्या करायच्या म्हणजे कराइतकाच खर्च आणि वर धाकधूक. मी तो नाद सोडला. पण कुणाची गाडी वर्षातले सहा महिने उभी राहिली असेल आणि कागद नीट असतील, तर हा रस्ता बंद नाही, एवढं कळून ठेवावं. ४४ एईतून एखाद्या वर्षी बाहेर पडलं म्हणून पुढची पाच वर्षं परत येता येत नाही, ही अट ४४ एडीतल्या दुकानदाराला आहे, आपल्याला नाही.

उलट बाजूही आहे आणि ती वाहतूकदार सोयीनं विसरतात. ठरलेला दर हा तळाचा आकडा आहे. गाडीने प्रत्यक्षात त्याहून जास्त कमावलं असेल तर जास्तीचाच आकडा लिहायचा, तक्त्यातल्या त्या रकान्यातच तसं म्हटलंय. माझ्या वहीप्रमाणे पाचांतली एकही गाडी दरापेक्षा वर गेली नव्हती. पहिली दहाचाकी सगळ्यात जवळ, दोन लाख पंच्याण्णव हजार. म्हणून आठ लाख दहा हजार हाच आकडा राहिला.

एकदा हा आकडा घेतला की त्यातून काहीच वजा होत नाही, हे मला पचवावं लागलं. कर्जाचं व्याज नाही, विमा नाही, घसारा नाही. ते सगळं त्या दरात आलेलं आहे असं कायदा धरतो. घसाऱ्याचं तर आणखी पुढे जातं: मी वेगळा मागितला नाही तरी दरवर्षी मिळाला असं समजून गाड्यांची वहीतली किंमत उतरत जाते. जुन्या पिकअपचे मला दोन लाख दहा हजार मिळाले. अण्णांना वाटत होतं की ते उत्पन्नात धरावे लागतील. तसं नाही, ती रक्कम सगळ्या गाड्यांच्या मिळून असलेल्या उतरत्या किमतीतून वजा होते. माझ्याकडे दुसऱ्या गाड्या होत्या आणि नवीची किंमतही त्यात मिळवलेली होती, म्हणून तिथेच जिरली. पण एकुलती एक जुनी गाडी विकून धंदा बंद करणाऱ्याचं वेगळं. त्याची उतरलेली किंमत पन्नास हजार राहिली असेल आणि गाडी दोन लाखांना गेली, तर वरचे दीड लाख हा अल्पकालीन भांडवली नफा होतो आणि मग सुगम फॉर्मही चालत नाही. आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या मालकांचं अगदी असंच होतं, त्यांना मी नंतर मुद्दाम जाऊन सांगितलं.

त्या दिवशी सगळ्यात जास्त बोचलं ते व्याज. मी समजत होते की अंदाजित उत्पन्नवाल्यांनी आगाऊ कर एकदाच, १५ मार्चपर्यंत भरायचा असतो आणि तेवढाही राहिला तर किरकोळ व्याज. ती सोय ४४ एडीच्या व्यापाऱ्याला आणि ४४ एडीएच्या डॉक्टर-वकिलाला आहे. ४४ एईचं नाव तिथे नाही. टीडीएस जाऊन दहा हजार किंवा त्याहून जास्त कर निघत असेल तर आम्हाला जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च, प्रत्येकाची १५ तारीख, असे चार हप्ते पाळावे लागतात. मी एकही भरला नव्हता. हप्ते चुकल्याचं तेराशेच्या आसपास आणि एप्रिल ते जुलै चार महिन्यांचं हजारभर, असं मिळून दोन हजार तीनशेच्या वर व्याज लागलं. रक्कम मोठी नाही, पण ज्या माणसाला दर महिन्याचा आकडा एक एप्रिललाच माहीत असतो, त्याने हे व्याज भरावं याचं मला फार वाईट वाटलं. दुकानदाराला वर्षाची विक्री मार्चशिवाय कळत नाही. आमचं उत्पन्न तर गाड्या मोजल्या की ठरलं.

टीडीएसचीही एक गोष्ट तिथेच उलगडली. आमचे दोन व्यापारी काहीच कापत नाहीत, कुपवाडची कंपनी मात्र एक टक्का कापते. मला वाटायचं, मोठी कंपनी म्हणून. खरं कारण म्हणजे मी त्यांना कागद दिला नव्हता. ज्या वाहतूकदाराकडे वर्षात कधीही दहापेक्षा जास्त मालवाहू गाड्या नसतात, त्याने तसं लेखी आणि सोबत पॅन दिला तर भाड्यातून कर कापायचा नसतो. जुन्या कायद्याच्या कलम १९४ सीमध्येच ही सोय होती. व्यापाऱ्यांना अण्णांनी पूर्वी असं पत्र दिलेलं होतं, कंपनीचं काम माझ्या काळातलं.

त्या दहाबद्दलही सांगायला हवं. मर्यादा वर्षअखेरीची नाही, वर्षात 'कधीही' अशी आहे. अण्णांचे एक जुने स्नेही आहेत, त्यांच्याकडे दहा ट्रक. जुना काढून नवा घ्यायचा होता. चांगला मुहूर्त म्हणून नवा आधी घेतला, जुना तीन आठवड्यांनी गेला. त्या तीन आठवड्यांत अकरा गाड्या झाल्या आणि त्या वर्षापुरतं ४४ एईचं दार बंद. आधी विकून मग घेतली असती तर काही झालं नसतं.

मी त्याच दुपारी बँकेच्या नेटवरून स्वयंनिर्धारण कराचं चलन भरलं, अठ्ठावीस हजार एकशे सत्तर रुपये. संध्याकाळी घरी येऊन तक्त्यातल्या ओळी दुरुस्त केल्या. दोन्ही दहाचाकींपुढे २५, महिने १२, पिकअपपुढे ८ आणि ८. त्याखाली वर्षअखेरची येणी, देणी, रोख शिल्लक विचारतात, ती वहीतून भरली. चलनाचा नंबर घातला, आधारच्या ओटीपीने पडताळणी केली. अण्णा शेजारी बसून बघत होते. 'एवढं टन तर गाडीत कधी भरलं नाही,' एवढंच म्हणाले. त्यांच्या म्हणण्यातलं दुःख मला कळत होतं, म्हणून मी त्यांना आरसीवरचा आकडा दाखवला आणि रिकाम्या गाडीचे नऊ टन त्यात कसे मिसळले आहेत ते पुन्हा सांगितलं.

त्यानंतर मी गाड्यांची एक वेगळी वही केली. प्रत्येक गाडीला एक पान. वर आरसीवरचं ग्रॉस वजन, खाली गाडी नावावर आल्याची आणि गेल्याची तारीख, फॉर्म २९-३० ची छायाप्रत चिकटवलेली. कुपवाडच्या कंपनीला पॅनसह पत्र दिलं आणि दर एप्रिलला द्यायचं म्हणून कॅलेंडरवर लिहून ठेवलं. २०२५-२६ साठी हिशेबही लगेच मांडला: दोन दहाचाकींचे सहा लाख, आयशर आणि पिकअपचे नव्वद-नव्वद हजार, मिळून सात लाख ऐंशी हजार. त्या वर्षापासून सवलतीची रेष बारा लाखांवर गेली, त्यामुळे कर शून्य आणि आगाऊ हप्त्यांचाही प्रश्न नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला आणि ४४ एईतला मजकूर त्याच्या कलम ५८ मध्ये गेला, तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर तो नंबरही लिहिला.

गेल्या सप्टेंबरात द्राक्षाच्या हंगामासाठी आणखी एक पिकअप घ्यायचं चाललं होतं. शोरूममधला मुलगा म्हणाला, "ताई, तीस तारखेला तुमच्या नावावर करून ठेवतो, दोन ऑक्टोबरला दसऱ्याला नेऊन पूजा करा." मी वहीचं कोरं पान डोळ्यांसमोर आणलं आणि त्याला म्हटलं, पैसे आणि कागद दोन्ही एक तारखेनंतर कर, पूजा दिवाळीच्या पाडव्याला करू. पाडवा बावीस तारखेला होता. अण्णांनी नारळ फोडला, मी पानावर लिहिलं: ऑक्टोबर ते मार्च, सहा महिने, पंचेचाळीस हजार.